नायलॉनचा लांब दांडा थंड होताना मध्यभागाचे तापमान कसे काढायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत नायलॉनचे बुश, गिअर आणि रोलर कातणाऱ्या कार्यशाळांत एक तक्रार नेहमी ऐकू येते. ओव्हनमधून काढलेला दांडा हाताला जेमतेम कोमट लागतो म्हणून लेथवर घेतला जातो, बोअर मापात येतो आणि दुसऱ्या दिवशी तोच बोअर लहान भरतो. याचे कारण दांड्याच्या पोटात असते. बाहेरून निवलेला दांडा आतून बराच गरम असतो आणि तो किती गरम आहे हे एका छोट्या गणिताने सांगता येते. वडोदऱ्यात डिप्लोमा किंवा डिग्रीला उष्णता स्थानांतरण शिकणाऱ्यांनाही हेच गणित परीक्षेत येते. त्यामुळे इथली उत्तरे दोघांनाही उपयोगी पडतील अशी लिहिली आहेत.

उदाहरण नेमके कोणते घेतले आहे?

कास्ट नायलॉनचा भरीव दांडा, व्यास १०० मिमी, लांबी १ मीटर. ओव्हनमध्ये तो सगळीकडे सारखा १२० अंश सेल्सिअसला आला आहे. तिथून काढून लाकडी ठोकळ्यांवर असा ठेवला की हवा चारही बाजूंनी लागेल. मे महिन्याची दुपार आहे आणि शेडमधली हवा ४० अंश आहे. प्रश्न असा, की ४ तासांनी अक्षावर, म्हणजे दांड्याच्या बरोबर मध्यभागी, तापमान किती असेल?

सगळा दांडा एकाच तापमानाला आहे असे धरून चालणार नाही का?

नाही, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. पोलादाच्या तेवढ्याच जाडीच्या दांड्याला, त्याच हवेत, हे धरून चालते. पोलादाची उष्णतावाहकता ४० ते ५० वॅट प्रति मीटर केल्विनच्या आसपास असते. त्यामुळे आतली उष्णता पृष्ठभागापर्यंत झटकन पोहोचते आणि खरा अडथळा हवेचाच राहतो. नायलॉनची उष्णतावाहकता जेमतेम ०.२५. इथे पदार्थ स्वतःच उष्णतेला अडवतो.

हा अडथळा मोजते ती बायो संख्या. आतला अडथळा बाहेरच्या अडथळ्याच्या किती पट आहे हे ती सांगते. आपल्या दांड्याची बायो संख्या २.४ येते. पोलादाची ०.०१५ च्या घरात असती. दांडा एकाच तापमानाचा मानून सोपे सूत्र लावले तर ४ तासांनी तापमान ४४ अंश येते. प्रत्यक्षात मध्यभाग ५८.५ अंशांवर असतो, हे पुढे दिसेलच.

एकपदी सूत्र म्हणजे काय?

दंडगोल थंड होण्याच्या समीकरणाचे पूर्ण उत्तर म्हणजे अनंत पदांची श्रेणी. प्रत्येक पद काळाबरोबर घातांकी वेगाने कमी होते, पण पहिले पद सर्वांत हळू आणि बाकीची फार लवकर. सुरुवातीचा थोडा काळ गेला की पहिलेच पद शिल्लक राहते. मध्यभागासाठी ते असे लिहितात:

```
θ0 = (T0 − T∞) / (Ti − T∞) = A1 · exp(−λ1² · Fo)

Bi = h·r0 / k
Fo = α·t / r0²
α  = k / (ρ·cp)
```

Ti म्हणजे सुरुवातीचे तापमान, T∞ हवेचे आणि T0 अक्षावरचे. r0 म्हणजे त्रिज्या, t म्हणजे सेकंदांतला वेळ, k उष्णतावाहकता, ρ घनता आणि cp विशिष्ट उष्मा. h म्हणजे पृष्ठभागाकडून हवेला उष्णता किती सहज जाते ते सांगणारा गुणांक आणि α म्हणजे पदार्थाच्या आत ती किती वेगाने पसरते ते सांगणारा. λ1 आणि A1 हे दोन आकडे फक्त बायो संख्येवर ठरतात, म्हणून त्यांचा तक्ता छापता येतो. फूरियर संख्या Fo हा काळच आहे, फक्त तो तासांऐवजी उष्णतेला त्रिज्या ओलांडायला लागणाऱ्या वेळेच्या मापात मोजला आहे. ती ०.२ च्या पुढे गेली की पहिले पद एकटे पुरते. हायस्लरने १९४७ मध्ये काढलेले आलेख याच पहिल्या पदाचे आहेत. आलेखावर बोटाने रेष शोधण्यापेक्षा सूत्र वापरलेले केव्हाही बरे, कारण आलेखाचा अक्ष लघुगणकी असतो आणि वाचताना पाच-सहा टक्क्यांची चूक सहज होते.

पदार्थाचे गुणधर्म कोणत्या तापमानाचे घ्यायचे?

सुरुवात आणि शेवट यांच्या मधले. आपला दांडा १२० वरून साधारण ५० पर्यंत येतो, म्हणून ८० अंशांच्या आसपासचे. घनता ११५०, उष्णतावाहकता ०.२५ आणि विशिष्ट उष्मा २००० जूल प्रति किलो केल्विन धरू. इथे जपायचे ते विशिष्ट उष्म्याला. नायलॉनच्या माहितीपत्रकात तो बहुधा खोलीच्या तापमानाचा, १७०० च्या आसपास, छापलेला असतो आणि तापमानाबरोबर तो वाढतो. १७०० घेतला तर दांडा कागदावर खऱ्यापेक्षा लवकर थंड होतो.

या आकड्यांनी r0²/α बरोबर २३,००० सेकंद येते. हा आकडा एकदा काढून दांड्यावर खडूने लिहून ठेवला तरी चालेल, कारण पुढचे सगळे गणित त्यावरच उभे आहे.

आणि h? तो तर कुठे छापलेला नसतो.

सगळ्यांत कच्चा आकडा हाच. स्थिर हवेतल्या आडव्या दांड्यासाठी त्याचे दोन भाग असतात: हवेच्या नैसर्गिक संवहनाचा आणि प्रारणाचा. संवहनाचा भाग 1.32·(ΔT/D)^0.25 या सोप्या सूत्राने काढता येतो. पृष्ठभाग हवेपेक्षा सरासरी ३० ते ४० अंश गरम धरला तर तो साडेपाच-सहा येतो. प्रारणाचा भाग अनेक जण विसरतात. नायलॉनचा पृष्ठभाग चांगले प्रारण करतो आणि या तापमानाला तेवढ्यातून ७ च्या आसपास भर पडते. म्हणजे बेरीज १२-१३. आपण १२ वॅट प्रति चौरस मीटर केल्विन घेऊ.

हा आकडा चुकला तर किती फरक पडतो तेही बघून ठेवावे. h ९ असेल तर ४ तासांनी मध्यभाग ६३.५ अंश, १५ असेल तर ५५.३. म्हणजे h मध्ये पाव भागाची चूक झाली तर उत्तर तीन ते पाच अंशांनी हलते. उत्तरात दशांश चिन्हापुढे तीन अंक लिहिणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

आता गणित पायरीपायरीने दाखवा.

```
Bi = 12 × 0.05 / 0.25 = 2.4
Fo = 14400 / 23000 = 0.626      (0.2 पेक्षा जास्त, चालेल)

तक्ता:  Bi = 2   λ1 = 1.5995   A1 = 1.3384
        Bi = 3   λ1 = 1.7887   A1 = 1.4191
Bi = 2.4 साठी अचूक:  λ1 = 1.6869   A1 = 1.3754

λ1² · Fo = 2.8457 × 0.6261 = 1.7816
θ0 = 1.3754 × exp(−1.7816) = 0.2316
T0 = 40 + 0.2316 × (120 − 40) = 58.5 °C
```

घातांकात λ1 चा वर्ग आहे हे घाईत निसटते. वर्ग न करता गुणले तर तापमान ७८ च्या पुढे येते आणि ते अगदीच अशक्य वाटत नसल्यामुळे चूक लपून राहते.

तक्त्यात २.४ नाही. मधले आकडे कसे काढायचे?

२ आणि ३ यांच्यात सरळ रेषेने काढले तर λ1 १.६७५२ आणि A1 १.३७०७ येतो आणि उत्तर ५८.९ अंश. अचूक उत्तराशी फरक ०.४ अंशाचा. परीक्षेत आणि कार्यशाळेत हे पुरते. अचूक हवे असेल तर λ1 या समीकरणातून येतो:

```
λ1 · J1(λ1) = Bi · J0(λ1)
A1 = (2/λ1) · J1(λ1) / (J0(λ1)² + J1(λ1)²)
```

J0 आणि J1 ही बेसेल फलने. Excel मध्ये ती `BESSELJ(x,0)` आणि `BESSELJ(x,1)` अशी तयार मिळतात. λ1 चा अंदाज एका कप्प्यात टाकून Goal Seek ने दोन्ही बाजू जुळवायच्या. पायथॉनमध्ये हे काम सात ओळींचे आहे:

```
from math import exp
from scipy.special import j0, j1
from scipy.optimize import brentq
Bi, Fo = 2.4, 14400/23000
L = brentq(lambda x: x*j1(x) - Bi*j0(x), 1e-6, 2.4048)
A = 2*j1(L) / (L*(j0(L)**2 + j1(L)**2))
print(40 + 80*A*exp(-L**2*Fo))
```

शोधाची वरची मर्यादा २.४०४८ दिली आहे ती उगाच नाही. हे J0 चे पहिले शून्य आहे आणि बायो संख्या कितीही मोठी असली तरी पहिले मूळ याच्या आतच असते. मर्यादा मोकळी सोडली तर प्रोग्रॅम कधी कधी दुसरे मूळ पकडतो आणि दांडा मिनिटांत गार झालेला दिसतो.

बायो संख्येत त्रिज्या घ्यायची की त्रिज्येचा निम्मा भाग?

एकपदी सूत्रात पूर्ण त्रिज्या. निम्मी त्रिज्या, म्हणजे घनफळ भागिले पृष्ठफळ, ही फक्त 'सगळा दांडा एकाच तापमानाचा मानता येईल का' या चाचणीपुरती असते, ज्यात बायो संख्या ०.१ च्या खाली आहे का ते पाहतात. दोन्ही गोष्टी पुस्तकात लागोपाठच्या प्रकरणांत येतात आणि चिन्ह एकच असते, म्हणून गोंधळ होतो. निम्मी त्रिज्या घेऊन बायो १.२ धरली तर मध्यभाग ७२ अंश येतो, खऱ्यापेक्षा साडेतेरा अंश जास्त.

उलट चूक म्हणजे त्रिज्येच्या जागी व्यास घालणे. मग फूरियर संख्या चौपट लहान होते. इथे ती ०.१५७ होईल, म्हणजे ०.२ च्याही खाली. चार तास उलटूनही फूरियर संख्या इतकी छोटी येत असेल तर आधी r0 तपासा.

पहिल्या अर्ध्या तासाचे उत्तर १२० पेक्षा जास्त का येते?

कारण तेवढ्या लवकर हे सूत्र लागूच होत नाही. अर्ध्या तासाला फूरियर संख्या ०.०७८ आहे. आकडे घातले तर मध्यभाग १२८ अंश येतो. अगदी सुरुवातीचा क्षण घातला तर θ0 म्हणजे A1 स्वतः, १.३७५, आणि तापमान १५० अंश. ओव्हनच १२० ला होता, तेव्हा हे अशक्य आहे. सुरुवातीला पुढची पदे वजा होऊन हा फुगवटा कापतात आणि आपण ती टाकून दिली आहेत.

०.२ ही मर्यादा आपल्या दांड्यासाठी ४६०० सेकंदांची, म्हणजे सुमारे ७७ मिनिटांची आहे. त्या वेळी टाकलेल्या पदांची चूक दोन टक्क्यांच्या आत असते आणि ४ तासांनी ती मोजण्याइतकीही उरत नाही. ७७ मिनिटांच्या आधीचे हवे असेल तर श्रेणीची तीन-चार पदे घ्या.

पृष्ठभागाचे तापमान त्याच गणितातून मिळते का?

हो, आणि हाताला फसवणारा आकडा तोच. मध्यभागाच्या θ0 ला J0(λ1) ने गुणायचे. J0(१.६८६९) म्हणजे ०.४०५५, म्हणून पृष्ठभागावर θ ०.०९३९ आणि तापमान ४७.५ अंश. शेडमधली हवाच ४० असताना साडेसत्तेचाळीस अंशांचे नायलॉन हाताला गरम वाटतच नाही. त्याची वाहकता इतकी कमी आहे की ते हाताला फारशी उष्णता देत नाही. मात्र मध्यभाग पृष्ठभागापेक्षा ११ अंशांनी गरम असतो.

नायलॉनचा रेषीय प्रसरण गुणांक दर अंशाला साधारण ८० ते १०० दशलक्षांश. मध्यभाग हवेपेक्षा १७-१८ अंश गरम असताना ४० मिमीचा बोअर कातला तर निवल्यावर तो सुमारे ०.०६ मिमीने आकसतो. बुशच्या फिटिंगला एवढे पुष्कळ झाले. नायलॉन ओलावा शोषून फुगते तो हिशेब वेगळा आहे, त्याचा दोष तापमानाच्या माथी मारू नये.

मग दांडा लेथवर केव्हा घ्यायचा? सूत्र उलटे फिरवता येते का?

येते. समजा मध्यभाग ४५ अंशांवर यायला हवा. θ0 म्हणजे ५ भागिले ८०, ०.०६२५.

```
Fo = ln(A1/θ0) / λ1² = ln(1.3754/0.0625) / 2.8457 = 1.086
t  = 1.086 × 23000 ≈ 25000 s ≈ 6 तास 56 मिनिटे
```

मध्यभाग ५८.५ वर यायला ४ तास आणि पुढचे साडेतेरा अंश उतरायला जवळजवळ ३ तास. दुपारी काढलेला दांडा संध्याकाळच्या पाळीत कातू नये, सकाळच्या पाळीला ठेवावा.

पंखा लावला किंवा पाण्यात टाकला तर?

पंख्याने h ३० पर्यंत नेला तर बायो ६ होते, λ1 २.०४९०, A1 १.५२५३ आणि ४ तासांनी मध्यभाग ४८.८ अंश. h अडीच पट केला तरी फायदा दहा अंशांपेक्षा कमी, कारण अडथळा आता बहुतांशी पदार्थाच्या आत आहे. ४० अंशांच्या पाण्यात बुडवून बायो संख्या अनंत मानली तरी λ1 २.४०४८ च्या पुढे जात नाही, A1 १.६०२ होतो आणि ४ तासांनी मध्यभाग ४३.४ अंश. याच्या खाली कोणतीही युक्ती नेऊ शकत नाही. शिवाय बाहेरचा थर आधी आकसून कडक होतो, पोट नंतर आकसते आणि दांड्यात ताण अडकतो. कातताना दांडा वाकडा होतो तो यामुळे. माप सांभाळायचे असेल तर स्थिर हवेत सावकाश थंड करणेच योग्य.

हिवाळ्यात तेच गणित चालते का?

θ0 तसाच राहतो, फक्त T∞ बदलतो. जानेवारीच्या रात्री शेड १५ अंशांवर असेल तर ४ तासांनी मध्यभाग १५ अधिक ०.२३१६ गुणिले १०५, म्हणजे ३९.३ अंश. अडचण असते ती हवा बदलत असताना. सूत्र T∞ स्थिर धरते, पण मे महिन्यात दुपारी ४१ ची हवा रात्री बरीच उतरते. अशा वेळी कमाल तापमान धरून वेळ काढावा. चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला, म्हणजे जास्त वेळ थांबण्याकडे जाते.

दांडा १ मीटरऐवजी १५० मिमीचा तुकडा असेल तर?

तो 'लांब' राहत नाही, कारण टोकांतूनही उष्णता जाते. ४ तासांत उष्णतेचा प्रभाव आत साधारण ४० मिमीच्या पटीत सरकतो. १ मीटरच्या दांड्याच्या मध्याला टोकांची खबरही लागत नाही, पण १५० मिमीच्या तुकड्यात मध्य टोकापासून ७५ मिमीवरच आहे. इथे दंडगोलाच्या उत्तराला १५० मिमी जाडीच्या सपाट भिंतीच्या उत्तराने गुणायचे. भिंतीसाठी अर्धी जाडी ७५ मिमी घेऊन बायो ३.६ आणि फूरियर ०.२७८ येतो, θ ०.७९७. गुणाकार ०.१८५ आणि मध्य ५४.८ अंश. भिंतीच्या λ चे समीकरण λ·tan λ = Bi असे आहे. कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये नसेल तर सगळे ओमफस होते.

गणित खरे आहे की नाही हे दांड्यावरच कसे तपासायचे?

दांड्याच्या एका टोकातून अक्षावर अडीच-तीन मिमीचे छिद्र किमान २०० मिमी खोल पाडा. त्यात बारीक तारेचे थर्मोकपल तळापर्यंत सरकवून उष्णतावाहक पेस्टने भरा. जाड धातूच्या नळीतले थर्मोकपल इथे चालत नाही. नायलॉनच्या मानाने धातू इतका चांगला वाहक आहे की नळीच आतली उष्णता बाहेर वाहून नेते आणि आकडा कमी दिसतो.

दर पंधरा मिनिटांनी मध्य आणि हवा यांच्यातला फरक नोंदवा आणि त्याचा लघुगणक वेळेसमोर मांडा. पहिली ७७ मिनिटे रेषा वक्र दिसेल, पुढे सरळ व्हायला हवी. आपल्या आकड्यांनुसार सरळ भागात हा फरक दर ९३ मिनिटांनी निम्मा होतो: चौथ्या तासाला १८.५ अंश असेल, तर साडेपाच तासांच्या सुमाराला ९.३ च्या आसपास. तो १२० मिनिटांनी निम्मा होत असेल तर h किंवा α यांपैकी काहीतरी जास्त धरले गेले आहे.

दोष कोणाचा ते सरळ रेषा मागे वाढवून कळते. ती शून्य वेळेला जिथे छेदते तिथला θ म्हणजे A1. तो १.३७५ च्या ऐवजी १.३२ निघाला तर तक्त्यात उलटे शोधून बायो १.८ मिळते, म्हणजे खरा h ९ आहे. A1 १.३७५ च्या जवळ असूनही उतार मंद असेल तर h बरोबर आहे आणि विशिष्ट उष्मा कमी धरला गेला आहे. दांडा ओव्हनमधून काढल्याची वेळ मिनिटाच्या हिशेबाने नोंदवा. वेळ दहा मिनिटांनी चुकली तर A1 सुमारे सात टक्क्यांनी बिघडतो, आणि १.३८ व १.३२ यांच्यातला फरक त्याहून लहान आहे.